भाजलेले काबुली चणे रात्री कुरकुरीत, सकाळी वातड : ओव्हन आणि एअर फ्रायरमध्ये नेमके काय करावे?

शर्वरी_दादर

नमस्कार. संध्याकाळी पाचच्या सुमारास कचेरीत भूक लागते तेव्हा वडापाव किंवा वेफर्स यांखेरीज फारसे काही हाती येत नाही, म्हणून सध्या मी काबुली चणे घरी भाजून डब्यातून नेत आहे. माझी पद्धत अशी : चणे रात्री भिजत घालते, सकाळी कुकरमध्ये मध्यम आचेवर चार शिट्ट्या काढते, रोळीत निथळून सुती पंचाने टिपते, मग दोन चहाचे चमचे शेंगदाणा तेल, मीठ, तिखट आणि चाट मसाला लावून ओटीजीमध्ये २०० अंश सेल्सिअसवर २५ मिनिटे भाजते.

ओव्हनमधून काढल्यावर चणे अगदी कुरकुरीत लागतात, रंगही छान सोनेरी येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडला की तेच चणे वातड झालेले असतात, चावताना दाताखाली ताणले जातात. बहिणीकडे एअर फ्रायर आहे, तिच्याकडेही हेच घडते. भाजण्यापूर्वी चणे किती आणि कसे वाळवावेत, तापमान किती ठेवावे आणि वेळ किती द्यावा, हे अनुभवी सभासदांनी कृपया सविस्तर सांगावे.

मुग्धा_के

जुलै महिना आहे, शर्वरी. या हवेत कागदाची वहीसुद्धा ओली लागते, तिथे चण्यांचे काय घेऊन बसलीस. डबा हवाबंद घे, प्रश्न सुटेल.

समीर_ठाणे

माझ्या मते तापमान कमी पडते आहे. मी २३० अंशांवर २० मिनिटे भाजतो. जास्त ताव दिला की पाणी भराभर उडते आणि रंगही गडद येतो. २०० अंशांवर चणे भाजण्याऐवजी नुसते गरम होत राहतात. चणे गडद तपकिरी झाले की काढावेत, घड्याळ बघण्याची गरज पडत नाही.

वसंत_बोरिवली

मी निवृत्तीपूर्वी बरीच वर्षे फरसाणाच्या एका कारखान्यात माल तपासण्याचे काम केले, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

शर्वरीताई, तुमच्या चण्यांमध्ये पाणी दोन ठिकाणी असते. एक सालीवरचे, जे तुम्ही पंचाने टिपता. दुसरे दाण्याच्या आतले, जे पंचाला कधीच सापडत नाही. शिजवलेल्या काबुली चण्याच्या वजनाचा साधारण साठ टक्के भाग पाणीच असते आणि त्यातले सालीवर फारच थोडे असते. वरचे पाणी टिपल्याने इतकेच होते, की ओव्हनमधली पहिली दहा-बारा मिनिटे ते उडवण्यात वाया जात नाहीत आणि चणे ट्रेवर वाफवले जात नाहीत. टिपणे आवश्यक आहेच, पण चणे कुरकुरीत राहतील की नाही हे आतल्या पाण्यावर ठरते.

२०० अंशांवर २५ मिनिटांत चण्याचा बाहेरचा थर पूर्ण कोरडा होतो. तो कोरडा झाला की त्याला रंग येतो आणि गरम असताना तो कुडकुडतो, म्हणून चणे झाले असे वाटते. मात्र मधला गर अजून ओला असतो. चणे थंड होऊन डब्यात गेले की आतले पाणी हळूहळू बाहेरच्या कोरड्या थरात उतरते आणि सकाळपर्यंत सगळा दाणा सारखाच दमट होतो. हे पाणी डब्याबाहेरून आलेलेच नाही, त्यामुळे मुग्धाताईंनी सुचवलेला हवाबंद डबा इथे उपयोगी पडणार नाही. उलट घट्ट झाकण लावले तर ते पाणी बाहेर जायची वाटही बंद होते.

समीर यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. जास्त तापमानाला पाणी लवकर उडते हे खरे. पण २३० अंशांवर साल आणि बाहेरचा थर आतला गर सुकण्याच्या आधीच गडद होतो. रंग पाहून काढले तर आत ओले राहतात आणि आत सुकेपर्यंत ठेवले तर बाहेरून कडू होतात. रंगावरून बाहेरच्या थराचा अंदाज येतो, आतला येत नाही.

चणे झाले की नाही हे ओळखण्यासाठी ट्रेच्या मधले तीन-चार दाणे काढून ताटलीत पाच मिनिटे पूर्ण थंड होऊ द्यावेत आणि मगच चावून पाहावेत. गरम दाण्याची चव घेऊन काहीही ठरवू नये. एक दाणा सुरीने मधोमध कापावा. आतला भाग मेणासारखा किंवा मऊ पिवळसर दिसला तर अजून वेळ द्यायला हवा. आत-बाहेर एकसारखा कोरडा दिसला आणि कापताना पिठासारखा भुगा पडला तर झाले.

घरात वजनकाटा असेल तर कळवा, त्याहून खात्रीचा उपाय सांगतो.

नलिनी_गिरगाव

अगं शर्वरी, चणे शिजवतेस कशाला? आमच्या लहानपणी भडभुंजा कढईतल्या तापलेल्या वाळूत चणे टाकायचा आणि दोन मिनिटांत फटाफट फुटायचे. ना कुकर, ना तेल. नुसते भिजवलेले चणे ओव्हनमध्ये टाक, फुटाणे तयार होतील.

वसंत_बोरिवली

नलिनीताई, तुम्ही सांगता ते फुटाणे देशी हरभऱ्याचे. त्यांची रीत वेगळी आहे. भट्टीवर हरभरे रात्रभर भिजवत नाहीत. त्यांना पाण्याचा हलका हात लावून काही काळ मुरू देतात, म्हणजे सालीलगत थोडा ओलावा राहतो. मग खूप तापलेल्या वाळूत टाकले की त्या ओलाव्याची क्षणात वाफ होते, दाणा फुलतो आणि साल तडकते. वाळू दाण्याला सर्व बाजूंनी एकदम ताव देते. ओव्हनमधली गरम हवा तेवढ्या वेगाने उष्णता देऊ शकत नाही, म्हणून तिथे दाणा फुलत नाही.

नुसते भिजवलेले काबुली चणे ओव्हनमध्ये टाकले तर त्यांतले पिठूळ घटक न शिजताच सुकतात आणि दाणा खड्यासारखा कठीण होतो. दात दुखावण्याची भीती राहते. पूर्ण शिजवून सुकवलेला दाणा मात्र ठिसूळ होतो, त्यामुळे दाताखाली सहज फुटतो. म्हणून या पदार्थात शिजवणे टाळता येत नाही.

नलिनी_गिरगाव

असे आहे होय! मग माझ्या दातांसाठी तरी शिजवलेलेच बरे.

रुखसाना_माहीम

एअर फ्रायरबद्दल माझा अनुभव लिहिते. आमच्याकडे चार लिटरचा आहे. त्यात शिजवलेले तीनशे ग्रॅम चणे जेमतेम एका थरात बसतात, त्याहून जास्त टाकले की खालचे ओलेच राहतात. मी आधी १९० अंशांवर १२ मिनिटे ठेवते, दर चार मिनिटांनी बास्केट बाहेर काढून चांगली हलवते. मग तापमान १५० वर आणून आणखी १० ते १५ मिनिटे देते. हा दुसरा टप्पा सुरू केल्यापासून चणे पुढचे तीन दिवस कुरकुरीत राहतात.

एक सूचना. साली सुटलेल्या असतील तर त्या आधी वेचून काढाव्यात. एअर फ्रायरच्या पंख्याने हलक्या साली उडून वरच्या तापलेल्या कॉइलला चिकटतात, जळतात आणि सगळ्या चण्यांना जळका वास लागतो. ओव्हनमध्ये हा त्रास नसतो, तिथे साली ट्रेवर काळ्या पडतात एवढेच.

अमोल_वाशी

वाळवण्याबद्दल कोणी सविस्तर लिहिलेले दिसत नाही. मी चणे शिजवून मोठ्या परातीत पसरतो आणि रात्रभर पंख्याखाली ठेवतो. सकाळी अगदी कोरडे होतात.

मृण्मयी_परळ

अमोल, कृपया असे करू नका. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. शिजवलेली कडधान्ये या दिवसांत रात्रभर बाहेर ठेवणे सुरक्षित नाही. अशा अन्नात वाढणारे काही जिवाणू उष्णतेला दाद न देणारे विष तयार करतात. ते एकदा तयार झाले की नंतर ओव्हनमध्ये भाजूनही जात नाही. वास किंवा चव बदलली नाही म्हणून अन्न चांगले आहे असे समजू नये. पंख्याखाली ठेवायचेच असेल तर अर्धा-पाऊण तास पुरे, फार तर दोन तास, त्याहून अधिक नको.

शिवाय पावसाळ्यात मुंबईच्या हवेतच एवढी आर्द्रता असते की पंख्याचा फारसा उपयोग होत नाही. फ्रिजमधली हवा त्या मानाने कोरडी असते. चणे टिपून ताटात एका थरात पसरावेत आणि न झाकता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावेत. सकाळी सालीला हात लावला तर कागदासारखी कोरडी लागते आणि अन्नही सुरक्षित राहते.

अमोल_वाशी

हे मला ठाऊक नव्हते. पण फ्रिजमध्ये न झाकता ठेवले तर कांदा-लसणाचा वास लागणार नाही का? आमच्या फ्रिजमध्ये सुकट असते.

मृण्मयी_परळ

सुकट असेल तर ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला हवी, चणे नव्हे.

वसंत_बोरिवली

मृण्मयीताईंचे म्हणणे पूर्ण पटते. त्याला एक साधा पर्याय आहे. चणे कुकरमधून काढल्यावर गरम असतानाच निथळून परातीत पसरावेत. गरम दाण्यावरचे पाणी स्वतःच्याच उष्णतेने वाफ होऊन जाते आणि दहा मिनिटांत साल बरीच कोरडी होते. मग पंचा घालून हलक्या हाताने घोळवावे आणि लगेच भाजायला घ्यावे. ज्यांना रात्रभर थांबायचे नाही त्यांच्यासाठी हे पुरेसे आहे. चणे गार होऊ दिले आणि नंतर रोळीत निथळले तर खालच्या थरातले दाणे ओलेच राहतात.

कौस्तुभ_मुलुंड

शिजवण्याबद्दल विचारायचे होते. आमच्या सोसायटीत टँकरचे पाणी येते. त्यात चणे कितीही शिट्ट्या दिल्या तरी पुरेसे मऊ होत नाहीत, भाजल्यावर तर अधिकच कठीण होतात. सोडा घालावा का?

वसंत_बोरिवली

पालिकेचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचे असल्यामुळे मृदू असते आणि त्यात सोड्याची गरज पडत नाही. टँकरचे पाणी बहुधा विहिरीचे किंवा बोअरचे असते, त्यात क्षार जास्त असतात आणि ते कडधान्याला मऊ होऊ देत नाहीत. अशा वेळी भिजवण्याच्या पाण्यात एक चमचा मीठ घालावे आणि दीडशे ग्रॅम चण्यांना पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा. भिजल्यावर ते पाणी टाकून देऊन चणे दोनदा धुवावेत. सोडा याहून जास्त झाला तर साली गळतात, दाणे फुटतात आणि भाजताना फुटलेल्या दाण्यांचे तुकडे आधी जळतात.

दाणा किती शिजावा, तर दोन बोटांत दाबल्यावर सहज दबला पाहिजे, पण त्याचा आकार मोडता कामा नये. शिट्ट्यांचा आकडा मी मुद्दाम सांगत नाही, कारण चणे नवे की जुने यावर तो बदलतो.

शर्वरी_दादर

सर्वांचे मनापासून आभार. वसंतकाका, माझ्याकडे डिजिटल वजनकाटा आहे. काय मोजायचे ते सांगा, मी शनिवारी करून पाहते.

वसंत_बोरिवली

भिजवण्यापूर्वी कोरड्या चण्यांचे वजन लिहून ठेवा. भाजून झालेल्या चण्यांचे वजन त्या मूळ वजनाइतके, किंबहुना त्याहून थोडे कमी झाले पाहिजे. यामागचा हिशेब सोपा आहे. दुकानातून आणलेल्या कोरड्या चण्यात सुमारे दहा टक्के पाणी असतेच. आपल्याला त्याहूनही कोरडा, चार-पाच टक्के पाणी असलेला दाणा हवा आहे. शिवाय शिजवताना चण्याचा थोडा अंश पाण्यात उतरतो आणि काही साली निघून जातात. तुम्ही लावलेल्या तेलाचे नऊ-दहा ग्रॅम मात्र त्यात मिळवायचे.

समजा तुम्ही १५० ग्रॅम कोरडे चणे घेतले, तर शिजवून टिपल्यावर ते तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतील. तेल धरून भाजलेल्या चण्यांचे वजन १४० ग्रॅमच्या जवळ आले की आतले पाणी गेले असे समजावे. डब्यातले तयार शिजवलेले चणे वापरत असाल तर मूळ कोरडे वजन कळत नाही. तिथे निथळून टिपलेल्या वजनाच्या निम्म्याहून बरेच खाली यायला हवे एवढे लक्षात ठेवावे.

तापमानाचे म्हणाल तर २०० अंशांवर सुरुवात करा, अर्ध्या तासाने १५० वर आणा आणि वजन उतरेपर्यंत तिथेच ठेवा. तिखट आणि चाट मसाला या वेळी भाजण्यापूर्वी लावू नका, फक्त तेल आणि मीठ. ओटीजी आधी पंधरा मिनिटे तापवून घ्या, वरची आणि खालची अशा दोन्ही दांड्या चालू ठेवा.

प्राची_चेंबूर

मसाला नंतर लावला तर तो कोरड्या चण्यांना चिकटत नाही, सगळा तळाशी राहतो. मी तरी आधीच लावते.

रुखसाना_माहीम

चणे बाहेर काढल्याबरोबर, चटके बसतील इतके गरम असताना, अर्धा चमचा तेल लावून लगेच मसाला घालायचा आणि झाकण ठेवून हलवायचे. मग चिकटतो. लाल तिखट आणि लसणाची पूड २०० अंशांवर अर्ध्या तासात कडू होतात, ते मी टाळते. जिरेपूडही लवकर करपते.

शर्वरी_दादर

शनिवारचा हिशेब देते.

कोरडे चणे १५० ग्रॅम घेतले. भिजवून, शिजवून, गरम असतानाच परातीत पसरून आणि पंचाने टिपून ते ३१० ग्रॅम भरले. दोन चहाचे चमचे तेल आणि मीठ लावून २०० अंशांवर ठेवले, दर दहा मिनिटांनी ट्रे हलवला. अर्ध्या तासाने चण्यांना अगदी नेहमीसारखा सोनेरी रंग आला होता, चावून पाहिले तर कुडकुडत होते, आणि काट्यावर वजन होते २०० ग्रॅम. एरवी मी याच्याही पाच मिनिटे आधी चणे बाहेर काढत असते.

त्यांतले चार दाणे बाजूला थंड होऊ दिले. सात-आठ मिनिटांत तेच दाणे चिवट लागू लागले, दुसऱ्या दिवसाची वाटही पाहावी लागली नाही. कापून पाहिले तर आत मेणासारखा गर होता.

मग तापमान १५० वर आणले. २५ मिनिटांनी वजन १५५ झाले, आणखी १५ मिनिटांनी १४२. ओव्हन बंद केला, दार बोटभर उघडे ठेवले आणि चणे आतच गार होऊ दिले. शेवटचे वजन १३९ ग्रॅम. रंग अर्ध्या तासाला होता त्याहून किंचितच गडद झाला. ट्रे हलवला की आधी धप्प असा आवाज येत होता, आता खडखड वाजतात. काल संध्याकाळी कचेरीत खाल्ले, पूर्ण कुरकुरीत होते.

वसंत_बोरिवली

फार छान नोंद ठेवलीत. अर्ध्या तासाच्या आकड्याकडे सर्वांनी पाहावे. २०० ग्रॅममध्ये चण्याचा कोरडा भाग आणि तेल मिळून साधारण १३५ ग्रॅम, म्हणजे सोनेरी दिसणाऱ्या त्या चण्यांत अजून एक तृतीयांश पाणीच होते. १५५ ग्रॅमला ते सुमारे वीस ग्रॅम उरले. त्या टप्प्यावर चणे काढले असते तर ते वातड झाले नसते, पण कुरकुरीतही राहिले नसते, मऊसर खुसखुशीत झाले असते. शेवटचे हे वीस ग्रॅम सर्वांत हळू निघतात, कारण त्यांना दाण्याच्या मध्यातून बाहेर यायचे असते. तिथे ताव वाढवून उपयोग नसतो, वेळच द्यावा लागतो.

समीर_ठाणे

आकडे पाहून १५० अंशांचा दुसरा टप्पा मान्य करतो. तरीही माझे म्हणणे आहे की शेवटची तीन-चार मिनिटे पुन्हा २०० वर न्यावीत. त्याने जो खमंगपणा येतो तो मंद तापाने येत नाही. चणे तोवर कोरडे झालेले असल्यामुळे रंग फार झटकन चढतो, म्हणून समोर उभे राहावे लागते, पण चवीत फरक पडतो.

वसंत_बोरिवली

चवीच्या बाबतीत तुमचे म्हणणे बरोबर असू शकते. मला स्वतःला फिका रंग आवडतो. मात्र एअर फ्रायरमध्ये हा प्रयोग करताना दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, तिथे कॉइल चण्यांच्या अगदी जवळ असते.

संजय_डोंबिवली

आमच्याकडे ओटीजी नाही, मायक्रोवेव्ह आहे. त्यात दहा मिनिटे ठेवले तर चालतील का?

रुखसाना_माहीम

तुमच्या मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शनची सोय असेल तर ती वापरा, ओव्हनसारखेच चालते, फक्त पंखा असल्याने तापमान वीसेक अंश कमी ठेवावे. साध्या मायक्रोवेव्हमध्ये दाणे आतून तापून फुटतात आणि कुठे कोरडे, कुठे ओले असे होतात. मी करून पाहिले आहे, समाधान झाले नाही.

प्राची_चेंबूर

तेलाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. मी पहिली पंधरा मिनिटे चणे तेलाशिवायच भाजते आणि मग तेल लावते. सालीवर आधीच तेलाचा थर असेल तर आतली वाफ बाहेर पडायला अडथळा होत असेल, असे वाटते. शिवाय कोरड्या चण्यांना कमी तेल पुरते.

वसंत_बोरिवली

दोन चमचे तेलाने वाफ अडत नाही, तेवढा जाड थरच बसत नाही. कमी तेल पुरते हे मात्र खरे. सुरुवातीला तेल लावल्याचा फायदा असा, की ताव सगळ्या दाण्यांना सारखा लागतो आणि साली ट्रेला चिकटत नाहीत. दोन्ही रीती चालतात. आधी तेल लावायचे असेल तर चणे खरोखर कोरडे असायला हवेत, कारण ओल्या सालीवर तेल बसत नाही, ओघळून ट्रेवर जाते आणि तिथे धुरावते.

गौरी_विलेपार्ले

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत, त्यांना कवळी आहे. इतके कोरडे चणे त्यांना चावतील का? त्यांना फार आवडतात.

वसंत_बोरिवली

गौरीताई, त्यांच्यासाठी चणे नेहमीपेक्षा जास्त शिजवा, अगदी फुटण्याच्या बेतात आले पाहिजेत. दाणा जितका पूर्ण शिजलेला तितका सुकल्यावर ठिसूळ होतो. तरीही कवळी असेल तर मी पूर्ण कोरडे चणे देणार नाही. शर्वरीताईंच्या हिशेबातले १५५ ग्रॅमचे चणे त्यांच्यासाठी योग्य ठरतील. ते त्याच दिवशी संपवावेत, कारण त्यांत अजून पाणी आहे आणि ते टिकणार नाहीत.

अनिकेत_कुर्ला

कोणी शिजवलेले चणे आधी फ्रीझरमध्ये गोठवून मग भाजले आहेत का? माझी मावशी असे करते. तिचे म्हणणे असे, की बर्फ होताना दाण्याला आतून बारीक भेगा पडतात, पाणी लवकर निघते आणि चणे हलके होतात. तिच्याकडचे चणे खरोखर हलके लागतात.

समीर_ठाणे

मी केले आहे. मला काही फरक जाणवला नाही. उलट बर्फ वितळून सालीवर पाणी आले आणि पुन्हा टिपत बसावे लागले.

रुखसाना_माहीम

मला जाणवला, पण एअर फ्रायरमध्ये. गोठवलेले चणे बाहेर काढून वितळू दिले, मग टिपून भाजले. दाणा आतून जाळीदार झाला होता. ओव्हनमध्ये कसे होतात ते सांगता येणार नाही.

वसंत_बोरिवली

गोठवल्याने शिजलेल्या दाण्याची आतली रचना मोडते, हे तत्त्वतः बरोबर आहे. घरच्या फ्रीझरमध्ये गोठण्याचा वेग कमी असल्याने बर्फाचे कण मोठे होतात, म्हणजे भेगाही मोठ्या पडत असाव्यात. चवीत किती फरक पडतो यावर इथे दोन मते आहेत. शर्वरीताईंसारखा कोणीतरी निम्मे चणे गोठवून आणि निम्मे तसेच ठेवून, एकाच दिवशी भाजून, दोन्हींची वजने लिहावीत.

मुग्धा_के

माझ्या पहिल्या उत्तराची बाजू घेऊन विचारते. एवढे कोरडे केलेले चणे मुंबईच्या हवेत उघडे राहिले तर सादळणार नाहीत का?

वसंत_बोरिवली

सादळतील, आणि लवकर सादळतील. आता तुमचा हवाबंद डबा खरोखर कामाला येईल. पूर्ण कोरडे झालेले चणे पूर्ण गार करूनच डब्यात भरावेत. कोमट असताना झाकण लावले तर झाकणाला आतून दव धरते. मोठ्या बरणीपेक्षा दोन-तीन लहान डबे चांगले, म्हणजे रोज सगळा साठा उघडावा लागत नाही. काळे मीठ, आमचूर आणि चाट मसाला हवेतले पाणी ओढून घेतात, म्हणून साठवणीच्या चण्यांना फक्त साधे मीठ लावावे, मसाला खायच्या वेळी.

हवेने सादळलेले चणे १५० अंशांवर सहा-सात मिनिटे ठेवले की पुन्हा कुरकुरीत होतात. आत कच्चे ओले राहिलेले चणे एवढ्या वेळात सुधारत नाहीत, त्यांना पुन्हा वीस-पंचवीस मिनिटे लागतात. दोन्हींतला फरक यावरूनही कळतो.

शर्वरी_दादर

आता माझा शेवटचा प्रश्न. कचेरीतल्या मैत्रिणींनीही मागणी केली आहे, म्हणून ३०० ग्रॅम कोरडे चणे एकदम घ्यायचे आहेत. माझ्या २८ लिटरच्या ओटीजीमध्ये दोन ट्रे बसतात. दोन्ही एकदम लावले तर चालेल का?

रुखसाना_माहीम

एअर फ्रायरमध्ये असे दोन थर मी कधीच करत नाही, दोन वेळा लावते.

वसंत_बोरिवली

ओटीजीमध्ये चालेल, पण वरचा ट्रे खालच्याला वरच्या दांडीपासून झाकतो आणि खालचा वरच्याला खालच्या दांडीपासून. म्हणून दर दहा मिनिटांनी हलवताना ट्रेंची जागा बदलावी. दुप्पट चण्यांतून दुप्पट वाफ निघते आणि लहान ओव्हनमध्ये ती कोंडते, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात दोन-तीनदा दार काही सेकंद पूर्ण उघडून वाफ जाऊ द्यावी. २०० अंशांचा टप्पा चाळीस मिनिटांवर न्यावा लागेल असा माझा अंदाज आहे. दोन्ही ट्रेंचे वजन वेगवेगळे घ्या. खालचा ट्रे बहुधा मागे राहील, तो वजन उतरेपर्यंत एकटाच आणखी थोडा वेळ ठेवा.

शर्वरी_दादर

रविवारी लावते. अनिकेत, एका ट्रेमध्ये गोठवलेले चणे घेते आणि दोन्हींची वजने इथे लिहिते.

अनिकेत_कुर्ला

जरूर. पण मग ट्रेची जागा आणि गोठवणे असे दोन फरक एकत्र होतील. प्रत्येक ट्रेमध्ये निम्मे-निम्मे घ्या, मध्ये फॉइलची पट्टी उभी ठेवा.